मधली वर्षे : नोकरीतला खंड आणि तो कागदावर लिहिण्याची रीत

१९९८ सालच्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका पेढीत हिशेबनिसाच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेलो होतो. साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली होती. अर्ज हाताने लिहिलेला होता आणि त्यात मार्च १९९६ ते एप्रिल १९९८ या काळासमोर मी ‘स्वतःचा व्यापार’ असे दोन शब्द लिहिले होते. टेबलापलीकडच्या वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी साधेपणाने विचारले, “विक्रीकराची नोंदणी कोणत्या सालची तुमची?”

मला उत्तर देता आले नाही. व्यापार नव्हताच. त्या दोन वर्षांत मला मणक्याचा क्षय झाला होता. आधी काही महिने पाठ धरते म्हणून तेल चोळून घेतले, मग मिरजेला निदान झाले, मग प्लास्टर, मग पट्टा आणि दीड वर्ष गोळ्या. क्षय हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायचा नव्हता, मग अर्जात कोठून येणार? त्या गृहस्थांनी माझा अर्ज परत घडी घालून पाकिटात ठेवला. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. मी खरे लिहिले असते तर ती नोकरी मिळाली असती का, हे मला आजही सांगता येणार नाही. खोटे लिहिले म्हणून गेली, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

त्यानंतर हा विषय माझ्या मागे लागला. मी काही विद्यापीठातला माणूस नाही; जुने अर्जांचे नमुने, रजेचे नियम, जाहिराती आणि हाताला लागतील ते शोधनिबंध वाचत शिकलो. गेली दहा-बारा वर्षे सातारा आणि सांगलीकडची ओळखीची माणसे आपले बायोडेटा आणि आता लिंक्डइनवरची प्रोफाइले मला दाखवायला आणतात. आजारपणामुळे किंवा घरातल्या कोणाच्या तरी शुश्रूषेमुळे नोकरीत पडलेला खंड कसा लिहावा, हाच बहुतेकांचा प्रश्न असतो. या लेखात मी त्यातले एकच प्रकरण सविस्तर मांडणार आहे. ते माझ्या भाचीचे आहे आणि तिच्या परवानगीने लिहीत आहे.

त्याआधी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती लक्षात यायला मला स्वतःलाच बरीच वर्षे लागली. सरकारी नोकराला हा प्रश्न सहसा पडतच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत अर्धवेतनी रजा आहे, वैद्यकीय प्रमाणपत्रावरची परिवर्तित रजा आहे, आणि सगळे संपले की असाधारण रजा आहे. आजारी माणूस बरा झाला की कामास योग्य असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडतो आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो. त्याच्या सेवापुस्तकात त्या दिवसांना नाव आहे : रजा. त्याच आळीतला, त्याच आजाराचा, पण कुपवाडच्या कारखान्यातला माणूस राजीनामा देतो. त्याच्या त्याच दिवसांना नाव नाही. खंड म्हणतात तो बऱ्याच अंशी या नाव नसण्यातून तयार होतो. आणि ज्याला नाव नाही त्याला माणसे मनाला येईल ते नाव देतात. लिहिणाराही आणि वाचणाराही.

पूर्वी निदान क्षयाच्या खंडाला पत्ता तरी होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम किंवा पाचगणीचे बेल-एअर अशा ठिकाणी माणूस महिनोन्महिने राहून यायचा. गावाला ठाऊक असायचे तो कोठे होता ते. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासाने दाखवून दिले की योग्य औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही रुग्ण आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. वैद्यकाच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट. पण आजारपण घरात आले आणि घरातले दिवस कोणत्याच कागदावर उतरत नाहीत.

आता भाचीची हकीकत. ती यांत्रिकी शाखेची पदविकाधारक. जुलै २०१२ पासून कुपवाडच्या एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात होती. ओतीव सुटे भाग मोजणे, स्पेक्ट्रोमीटरवर धातूचे घटक तपासणे, गिऱ्हाइकाकडे जाणारे तपासणी अहवाल तयार करणे, असे तिचे काम. सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सुरुवातीला नाकातून नळीने अन्न द्यावे लागे, आणि अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, रात्रीसुद्धा. ऑक्टोबरअखेर तिने राजीनामा दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सासूबाई गेल्या. म्हणजे बरोबर चार वर्षे. २०२३ च्या जानेवारीत ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दोन मसुदे होते.

पहिला मसुदा वाचून मला गलबलून आले, आणि तो वाचून गलबलून येते हीच त्यातली चूक होती. सासूबाईंचा आजार, दवाखान्यांची नावे, नवऱ्याची फिरतीची नोकरी, “या काळात माझे कामाचे बरेच नुकसान झाले याची मला जाणीव आहे”, “संधी दिल्यास विश्वास सार्थ करीन”. नोकरी देणारा हे वाचतो तेव्हा त्याला दया येते, आणि दया आली की तो पुढचा बायोडेटा उचलतो.

दुसरा मसुदा कोणातरी सल्लागाराच्या नमुन्यावरून केलेला होता. त्यात शुश्रूषेचे रूपांतर ‘घरगुती आरोग्य व्यवस्थापन’, ‘बहुपक्षीय समन्वय’, ‘अर्थसंकल्पीय नियोजन’ अशा कौशल्यांत झाले होते. शिवाय ‘गुणवत्ता सल्लागार, २०१९ ते २०२३’ अशी एक ओळ.

“हे सल्लागार कोणाचे होतीस तू?” मी विचारले.

“मामा, अगदीच खोटं नाहीये ते. गल्लीतल्या एका काकांचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे, त्यांची ड्रॉइंगं मी तपासून द्यायचे.”

“कधी?”

“बावीस साली. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत. आठवड्याला पाच-सहा तास होत असतील.”

“पैसे देत होते?”

“खात्यावर जमा करायचे की.”

मग तेच लिहायचे. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२२, अंशकालीन, यंत्रभागांच्या ड्रॉइंगांची व तपासणी अहवालांची छाननी, आठवड्याला सुमारे सहा तास. बँकेच्या नोंदी आहेत आणि काकांनी दोन ओळींचे पत्र दिले. आठ महिन्यांचे खरे काम चार वर्षांच्या फुगवलेल्या कामापेक्षा वजनदार ठरते, कारण त्यावर दुसरा प्रश्न विचारला तर उत्तर देता येते. माझ्याकडे विक्रीकराच्या नोंदणीचे उत्तर नव्हते, हे मी तिला तेव्हा सांगितले. आमच्या घरात तोवर ते कोणालाच माहीत नव्हते.

कौशल्यांच्या त्या भाषांतराबद्दल माझे मत थोडे कडक आहे. नळीने अन्न देणे, जखमा न होऊ देणे, साखरेची आणि रक्तदाबाची नोंदवही चार वर्षे चालवणे ही मोठी कामे आहेत. रुग्णालयात नोकरी मागायची असती तर ती तशीच, त्याच नावांनी लिहावीत असे मी म्हटले असते. पण फौंड्रीच्या गुणवत्ता प्रमुखाला ‘बहुपक्षीय समन्वय’ वाचून काहीही कळत नाही, फक्त लिहिणारीला आपल्या खऱ्या कामाची लाज वाटते आहे एवढे कळते.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. खरे लिहिल्याने दारे उघडतात असे सरसकट म्हणता येत नाही. केट वाइसहार या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नमुन्यादाखल तयार केलेले अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले होते. नोकरीत असलेल्या आयांच्या अर्जांपैकी सुमारे १५ टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरी गेलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना, आणि मुलांसाठी स्वतःहून घरी राहिल्याचे लिहिलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्क्यांना. वडिलांचे आकडेही साधारण तसेच निघाले. कामावरून काढलेल्यापेक्षा घरच्यासाठी थांबलेला माणूस मालकाला कमी भरवशाचा वाटला. अभ्यास तिकडचा आहे आणि मुलांच्या संगोपनाबद्दलचा आहे, वृद्धांच्या शुश्रूषेबद्दलचा नाही. तरी त्यातला मुद्दा आपल्याकडे लागू पडतो असे मला अनुभवाने वाटते. वाचणाऱ्याच्या मनातला संशय ‘हिने चार वर्षे काय केले’ हा नसतोच. ‘ही पुन्हा जाईल का’ हा असतो.

म्हणून खंडाची नोंद त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारी हवी. कारण एका शब्दात, काळ सुरुवात-शेवटासह, आणि तो संपला आहे हे स्पष्ट. यानंतर एकच वाक्य, ते कामाबद्दलचे. दोन-तीन संध्याकाळी घालवून आम्ही जी नोंद केली ती मूळ इंग्रजीत आहे. मराठीत ती अशी होईल :

‘घरातील ज्येष्ठ रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा, नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२२. ही जबाबदारी आता संपली आहे. या काळात मोजमापशास्त्राचा एन्पीटेलचा अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण केला (२०२१) आणि २०१९ च्या नव्या एफएमईए पद्धतीचा अभ्यास केला. पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.’

यात सासूबाई हा शब्द नाही, आजाराचे नाव नाही, मृत्यूचा उल्लेख नाही. “मग लपवल्यासारखं नाही का होत?” असे भाचीने विचारले. नाही. आजार सासूबाईंचा होता, आणि त्याचे नाव चारचौघांत मांडायचा अधिकार त्यांचा होता. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. दवाखान्याचे नाव न लिहिणे हे पहिले, ‘सल्लागार’ लिहिणे हे दुसरे. मुलाखतीत कोणी विचारलेच तर एका वाक्यात सांगायचे, आणि तेवढ्यावर थांबायचे.

लिंक्डइनवर या नोंदीसाठी मार्च २०२२ पासून वेगळी जागा आहे. आपल्या प्रोफाइलवर `Add profile section` दाबले की त्यात `Add career break` मिळते. तिथे प्रकार निवडायचा असतो. शुश्रूषेसाठी `Caregiving`, स्वतःच्या आजारपणासाठी `Health and well-being`, याशिवाय स्थलांतर, प्रवास, शोक असे इतरही आहेत. मग सुरुवात आणि शेवटाचा महिना, आणि खाली वर्णनाची चौकट. ही नोंद नोकऱ्यांच्या यादीतच, त्या त्या काळाच्या जागी बसते. म्हणजे सेवापुस्तकातल्या रजेच्या नोंदीसारखी. एक सावधगिरी : नोंद साठवण्यापूर्वी ओळखीच्या सर्वांना कळवण्याचे बटण बंद आहे ना ते पाहावे. भाचीने ते पाहिले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी तिला तिच्या जुन्या वरिष्ठांचा सांत्वनाचा निरोप आला. वाईट काही झाले नाही, पण तिला ते नको होते.

शेवटच्या महिन्याबद्दल आमचा थोडा वाद झाला. ऑक्टोबर २०२२ नंतरचे तीन महिने मोकळे दिसतात म्हणून ती शुश्रूषेची तारीख जानेवारी २०२३ पर्यंत ओढायला निघाली होती. मी नको म्हटले. नोकरी शोधण्याचे चार-सहा महिने कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाहीत. ओढलेली तारीख मात्र कधीतरी कोणत्यातरी कागदाशी भांडते.

कोणता कागद, तेही सांगतो, कारण खासगी नोकरीत आजकाल खरी परीक्षा तिथे होते. भविष्य निर्वाह निधीचा युनिव्हर्सल अकाउंट नंबर, म्हणजे यूएएन, २०१४ पासून आला. त्याखाली प्रत्येक आस्थापनेत केव्हा लागलात आणि केव्हा सोडले याच्या तारखा एका जागी दिसतात. नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था उमेदवाराकडून हीच नोंद मागतात. पूर्वी मधले सहा महिने इकडे-तिकडे ढकलून खंड बुजवणारे पुष्कळ होते. ती सोय आता जवळजवळ संपली. पण ही नोंद चुकीचीही असते, आणि त्याची किंमत प्रामाणिक माणसालाही मोजावी लागते.

भाचीने पोर्टल उघडून पाहिले तर जुन्या फौंड्रीसमोर सोडल्याची तारीखच नव्हती. कागदोपत्री ती अजून तिथे नोकरीला होती! प्रोफाइलवर चार वर्षे शुश्रूषा, आणि सरकारी नोंदीत चार वर्षे अखंड नोकरी. नवा मालक हे पाहून यातले एक काहीतरी खोटे आहे असेच समजणार. जुन्या कारखान्याला तीन फोन केले, उपयोग झाला नाही. मग कळले की सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल तर सभासदाला स्वतःलाही भरता येते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले असले पाहिजेत, आधार जोडलेले असले पाहिजे, आणि पोर्टलवर `Manage` खाली `Mark Exit` मध्ये जाऊन, मोबाइलवर येणारा ओटीपी घालून नोंद करायची. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची त्या महिन्यातलीच द्यावी लागते. तिची शेवटची वर्गणी ऑक्टोबर २०१८ ची होती आणि अनुभवाच्या दाखल्यावर ३१ ऑक्टोबर. दोन्ही जुळले. मात्र प्रोफाइलवर तिने आठवणीवरून डिसेंबर २०१८ लिहिले होते, ते दुरुस्त करावे लागले. ही दुरुस्ती नोंद भरण्याआधी करायची असते, कारण एकदा भरलेली तारीख बदलायची तर पुन्हा मालकाकडे जावे लागू शकते. दाखला, पोर्टल आणि प्रोफाइल अशा तिन्ही ठिकाणी महिना एकच असला पाहिजे. हे तपासायला अर्धा तास पुरतो, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ते आधी तपासून आलेला माणूस मला क्वचितच भेटला.

बायोडेटाच्या कागदावर मात्र आम्ही थोडी वेगळी रीत ठेवली. इंग्लंडमध्ये नऊ हजारांवर अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नोकरीच्या तारखांऐवजी ‘इतकी वर्षे’ असे लिहिलेल्या अर्जांना, खंड दिसणाऱ्या अर्जांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के जास्त बोलावणी आली. वाचणाऱ्याची नजर अंतरावर न जाता अनुभवावर जाते, एवढे साधे त्याचे कारण. भाचीच्या बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत आम्ही ‘ओतीव भागांच्या गुणवत्ता तपासणीचा ६ वर्षे ४ महिने अनुभव’ असे लिहिले. तारखा काढून टाकल्या नाहीत, दुसऱ्या पानावर ठेवल्या. आपल्याकडे तारखा पूर्ण वगळल्या तर मुलाखतीचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि मग आपण पकडले गेल्यासारखे दिसतो. त्या प्रयोगाचा निम्माच फायदा आम्ही घेतला म्हणा.

आता नोंदीतले ते एफएमईएचे वाक्य. माझ्या मते सगळ्या नोंदीचे वजन त्या वाक्यावर आहे, म्हणून जरा थांबतो. खंडाचे खरे नुकसान असते ते म्हणजे आपण नसताना धंदा पुढे गेलेला असतो. शुश्रूषा करणाऱ्याला नेमके कोठे पुढे गेला हे शोधून काढावे लागते. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत कोणता दोष किती धोक्याचा हे आधी ठरवण्याची एक पद्धत आहे, तिला एफएमईए म्हणतात. भाची शिकली तेव्हा प्रत्येक दोषाला तीन आकडे देत : परिणाम किती गंभीर, तो किती वेळा घडतो आणि तो कितपत निसटतो. प्रत्येकाला १ ते १० गुण, आणि तिन्हींचा गुणाकार. मोठा गुणाकार आला की त्या दोषावर आधी काम. यात एक खोट होती. समजा ब्रेकच्या भागातली भेग : गंभीरता ९, घडणे २, निसटणे २, गुणाकार ३६. आणि रंगाचा डाग : गंभीरता ३, घडणे ४, निसटणे ४, गुणाकार ४८. गणिताप्रमाणे डाग आधी, भेग नंतर! २०१९ साली अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगांच्या संघटनांनी मिळून नवी पुस्तिका काढली आणि गुणाकार बाजूला ठेवला. आता तिन्ही आकडे एका तक्त्यात पाहून प्राधान्य उच्च, मध्यम की कमी ते ठरवतात, आणि त्यात गंभीरतेला पहिला मान असतो.

भाचीने राजीनामा दिला २०१८ मध्ये आणि हा बदल आला २०१९ मध्ये. जुन्या सहकाऱ्याला विचारून तिने हे शोधले, पुस्तिका मिळवली, आणि आपल्याच जुन्या फौंड्रीतल्या पाच दोषांचे तक्ते दोन्ही पद्धतींनी करून पाहिले. हे काम सासूबाई गेल्यानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरातले होते. त्यामुळे ‘या काळात’ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही, हे तिनेच माझ्या लक्षात आणून दिले. आम्ही ते वाक्य तोडले आणि ‘त्यानंतर’ असा शब्द घातला. प्रत्येक धंद्यात असे एखादे पुस्तक, नियम किंवा सॉफ्टवेअर असतेच. हिशेबनिसासाठी ते २०१७ चा जीएसटी असेल. चार वर्षांनी परतणाऱ्याने ते एक नाव घेतले की समोरच्याचा चेहरा बदलतो.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तिची पहिली मुलाखत झाली. तिथे त्यांनी खंडाबद्दल विचारले, तिने नोंदीतलीच तीन वाक्ये सांगितली. मग पुढचा प्रश्न आला, “घरी आता आणखी कोण वयस्कर आहे?” याची तयारी आम्ही केली होती. सासरे चौऱ्याहत्तरचे आहेत, हिंडते-फिरते आहेत, आणि दिवसा मदतीला बाई आहेत. पण एवढा तपशील द्यायचा नाही असे ठरले होते. “घरची सगळी व्यवस्था लागलेली आहे, पाळीच्या वेळा मला चालतील,” एवढेच ती म्हणाली. तो प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारला असता का, असा राग तिला परतीच्या बसमध्ये आला. राग खरा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत शुश्रूषा आणि सांभाळ करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी १३७ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ७५. मालकांना ही पाहणी ठाऊक नसते, पण अंदाज असतो, आणि तो ते बाईविरुद्ध वापरतात. त्या ठिकाणाहून तिला पुन्हा फोन आला नाही.

दुसऱ्या कारखान्यात एफएमईएवर पंधरा मिनिटे बोलणे झाले आणि शुश्रूषेवर एक मिनिट. जुलै २०२३ मध्ये ती रुजू झाली. पद जुन्यापेक्षा एक पायरी खाली आणि पगार जवळजवळ २०१८ चाच. हे मी झाकून ठेवत नाही. नोंद चांगली लिहिल्याने दार उघडले, गेलेली चार वर्षे पगारात परत आली नाहीत.

स्वतःच्या आजारपणाची नोंद याहून नाजूक असते. तिच्याबद्दल थोडे लिहून थांबतो. आजाराचे नाव प्रोफाइलवर लिहायची गरज नसते. मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने दिलेला आहे. एचआयव्हीबाबतचा त्याच वर्षीचा कायदाही नोकरीसाठी तपासणीची सक्ती करू देत नाही. पण ‘वैयक्तिक कारणास्तव’ हा शब्द मी लिहू देत नाही. तो वाचून माणसे तुरुंगापासून भांडणापर्यंत सगळे कल्पून घेतात. आपल्याकडचा जुना ‘प्रकृतीच्या कारणाने’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे, आणि त्यापुढे ‘उपचार पूर्ण’ किंवा ‘डॉक्टरांच्या प्रमाणपत्रानुसार कामास योग्य’. ते प्रमाणपत्र उपचार संपतानाच, निदान न लिहिता, मागून घ्यावे. दोन वर्षांनी डॉक्टरही बदललेले असतात आणि केसपेपरही हरवलेला असतो. उपचार चालू असतील, आजार पुन्हा उलटणारा असेल, तर ‘पूर्ण’ लिहू नये. ‘स्थिर, नियमित काम करू शकतो’ हे खरे असेल तर तेवढेच लिहावे. नेमणुकीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर विचारतील त्याला मात्र सरळ उत्तर द्यावे. ते दालन वेगळे आणि तिथली गोपनीयताही वेगळी. भट्टीजवळ किंवा उंचीवर काम असेल तर त्या उत्तरावर आपला आणि शेजारच्याचा जीव अवलंबून असतो.

गेल्या गणपतीत भाची घरी आली होती. माझे लिंक्डइनवरचे प्रोफाइल तिनेच पूर्वी करून दिले होते. त्यात १९९६ ते १९९८ काहीच नव्हते. एक नोकरी संपते आणि दोन वर्षांनी दुसरी सुरू होते.

“मामा, आता हेही भरा की,” ती म्हणाली.

“छप्पन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार आहे?”

“नोकरीसाठी कोण म्हणतंय?”

`Health and well-being` निवडले. सुरुवात मार्च १९९६. शेवटच्या महिन्याला अडलो. प्लास्टर निघाले तो धरायचा, गोळ्या संपल्या तो धरायचा, की सांगलीच्या त्या मुलाखतीचा? जुनी फाइल काढली. मिरजेच्या केसपेपरावर शेवटची तारीख नोव्हेंबर १९९७ ची होती. ती घातली.

“म्हणजे मुलाखतीच्या आधी पाच महिने तुम्ही बरे होता,” भाची हिशेब करून म्हणाली. “त्या पाच महिन्यांत काय करत होतात?”

“नोकरी शोधत होतो,” मी म्हणालो.